पात्राला आठवतं, खेळाडूला नाही

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या प्रत्येक गटात दोन कालगणना एकाच वेळी चालू असतात. एक भिंतीवरच्या कॅलेंडरची आणि दुसरी गोष्टीतली. गट दर रविवारी जमत असतो, तोवर या दोन्हींत फार अंतर पडत नाही. मग कुणाची परीक्षा येते, कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणाच्या घरी लग्न निघतं, पंचगंगेला पूर येतो आणि खेळ थांबतो. कोल्हापुरातल्या टेबलाभोवती आठ महिने उलटून जातात. गोष्टीत मात्र एक क्षणही पुढे सरकलेला नसतो. जिना चढणाऱ्या पात्राचा पाय अजून त्याच पायरीवर असतो.

पुन्हा जमल्यावर खरी पंचाईत इथेच होते. पात्राला सगळं आठवत असणार, कारण त्याच्यासाठी ती घटना तासाभरापूर्वीची आहे. खेळाडूला आठवत नाही, कारण त्याच्यासाठी ती मागच्या दिवाळीतली आहे. लांबच्या खंडानंतर लिहायचा गोषवारा, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत रीकॅप, हा या दोघांमधला फरक भरून काढण्यासाठी असतो. झालेल्या सगळ्या गोष्टींचा इतिहास लिहिणं हे त्याचं काम नाही. पात्राला या घडीला जे ठाऊक आहे, तेवढं खेळाडूच्या हातात परत द्यायचं, हे त्याचं काम आहे. त्यात काय घ्यायचं, काय गाळायचं आणि कोणतं वाक्य कसं लिहायचं, हे सगळं या एका कसोटीवर ठरतं.

या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं, तर चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण डंजन मास्टर, म्हणजेच डीएम असतो. तो जग उभं करतो आणि त्यातल्या बाकीच्या सगळ्या माणसांची भूमिका करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र चालवतात. काय करायचं ते खेळाडू ठरवतात आणि जमलं की नाही ते बऱ्याचदा फासे ठरवतात. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते, हे या खेळाचं वेगळेपण सुरुवातीपासूनच होतं. १९७९ मध्ये डीएमसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात गायगॅक्सने गोष्टीतल्या काळाची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह मोठ्या अक्षरांत छापला होता. गोष्टीत आज कोणता दिवस आहे, हे ज्या डीएमला सांगता येत नाही, त्याला खंडानंतर गोषवाराही धड लिहिता येत नाही.

गोष्ट थांबली ती पन्हाळ्याखाली

एक नमुना घेऊन पाहू. समजा, कोल्हापुरातल्या एका गटाने आपली मोहीम पन्हाळ्याच्या वेढ्यावर बेतली आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवरचा हा गड खेळाडूंनी लहानपणापासून पाहिलेला असतो, त्यामुळे नकाशा समजावत बसावं लागत नाही. इतिहासाचा सांगाडाही तयार मिळतो. १६६० च्या मार्चमध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला. त्याच्या फौजेत अफजलखानाचा मुलगा फाजलखान होता, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन मदतीला आले होते. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. अखेर १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. त्यांच्यासारखा पेहराव केलेले शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून गेले आणि पकडले गेले. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह त्याला आडवे उभे राहिले.

आता या सांगाड्यात गटाची स्वतःची, काल्पनिक गोष्ट भरली आहे. चार पात्रं आहेत: बांदलांपैकी एक मावळा, गडावरचा एक गोलंदाज, जडीबुटी जाणणारा एक वैदू आणि मसाई पठार पायाखाली असलेली एक धनगर वाटाडी. पालख्या निघण्यापूर्वी पुढे जाऊन वाट मोकळी आहे का ते पाहायचं, ही त्यांच्यावर सोपवलेली कामगिरी आहे. सिद्दीच्या छावणीतल्या एका पखालजीने त्यांना सांगितलं आहे की ओढ्याजवळची चौकी आज रात्री रिकामी असेल. त्या बदल्यात, गडावर कैदेत असलेल्या त्याच्या भावाला सोडवण्याचा शब्द त्यांनी दिला आहे. चौघं निघण्याआधी शिवा काशीदांनी आपली धोकटी वैदूकडे दिली आहे आणि ती नेबापूरला, त्यांच्या घरी पोचवायला सांगितलं आहे. गडावर दारूच्या कोठारात पाणी शिरलं होतं, ते कुणी शिरू दिलं याचा छडा लागलेला नाही. चौघं तटाखाली उतरतात, ओढ्यापाशी पोचतात, आणि चौकीत त्यांना उजेड दिसतो. सेशन इथे संपलं. पुढचं सेशन आठ महिन्यांनी आहे.

विसरणं म्हणजे फक्त पुसलं जाणं नव्हे

डीएमला वाटतं, खेळाडू विसरले असतील, म्हणजे त्यांच्या डोक्यात मोकळी जागा असेल. तसं नसतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. त्यांनी केंब्रिजमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि ती काही काळाने, काहींना तर महिन्यांनंतर, पुन्हा सांगायला लावली. कथा लहान होत गेली, हे अपेक्षितच होतं. पण ती बदलतही गेली. ओळखीच्या नसलेल्या गोष्टींच्या जागी ओळखीच्या गोष्टी आल्या, लांबट डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, आणि सांगणाऱ्यांना आपण बदल करतोय याची जाणीवही नव्हती.

पन्हाळ्याच्या मोहिमेत हा धोका दुप्पट आहे. इथल्या प्रत्येक खेळाडूने ही गोष्ट शाळेत ऐकलेली आहे, २०२२ सालचा ‘पावनखिंड’ सिनेमा पाहिलेला आहे, आणि त्यांतला एखादा जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालूनही आलेला असेल. आठ महिन्यांत टेबलावरची गोष्ट विरळ होते आणि तिच्या जागी पाठ्यपुस्तकातली, सिनेमातली गोष्ट येऊन बसते. खेळाडूला खात्रीने आठवतं की महाराज गडावरून निघून गेले आहेत. टेबलावर मात्र ते अजून गडावरच आहेत आणि या चौघांच्या इशाऱ्याची वाट पाहत आहेत. पखालजी तर खेळाडूच्या स्मरणातून पूर्ण गेलेला असतो, कारण इतिहासाच्या पुस्तकात तो कधी नव्हताच.

म्हणून गोषवारा लिहायला बसताना डीएमने आधी एक यादी करावी: आमच्या टेबलावर काय वेगळं घडलं? सर्वांना ठाऊक असलेल्या भागाला एक वाक्य पुरतं, आणि वेगळ्या भागाला उरलेली सगळी जागा द्यायची. काल्पनिक जगातल्या मोहिमेलाही हेच लागू पडतं. तिथे इतिहासाच्या जागी इतर खेळ, कादंबऱ्या आणि मालिका येऊन बसतात.

पहिलं वाक्य कशाचं?

नवखा डीएम गोषवारा असा सुरू करतो: ‘पहिल्या सेशनमध्ये तुम्ही गडावर आलात. तिथे तुम्हाला हवालदार भेटला. दुसऱ्या सेशनमध्ये अंबरखान्यात चोरी झाली. तिसऱ्यामध्ये...’ वाचणारा तिसऱ्या ओळीला थकतो. यातलं काहीही खोटं नसतं. अडचण अशी की वाचताना कोणता तपशील धरून ठेवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे खेळाडूला कळत नाही.

याचं कारण दाखवणारा प्रयोग १९७२ सालचा आहे. जॉन ब्रॅन्सफोर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी लोकांना एक उतारा ऐकवला. त्यात वस्तूंचे गट करा, मग एका जागी जा, एका वेळी फार घेऊ नका, अशी वाक्यं होती. उतारा कपडे धुण्याबद्दल आहे, हे ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना तो समजला आणि बराच लक्षात राहिला. ज्यांना विषय सांगितलाच नाही, त्यांना तो अर्थहीन वाटला. सर्वांत महत्त्वाचा होता तिसरा गट. यांना उतारा संपल्यावर विषय सांगितला गेला, आणि त्यांना त्याचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही.

गोषवाऱ्यात ‘विषय’ म्हणजे पात्रांची सध्याची अडचण. ती शेवटी येऊन चालत नाही. आत्ता तुम्ही कुठे आहात, किती वाजलेत, समोर काय आहे आणि काय साधायचं आहे, हे आधी यायला हवं. मागचं सगळं त्यानंतर, आणि तेही या अडचणीशी नातं असलेलंच. अंबरखान्यातली चोरी आजच्या रात्रीशी जोडलेली नसेल, तर ती गाळायची, मग तिच्यावर दोन सेशन खर्च झालेली असोत.

पन्हाळ्याच्या गटासाठी लिहिलेला गोषवारा असा दिसेल:

> १२ जुलै १६६०, मध्यरात्रीला थोडा अवकाश आहे. पाऊस कोसळतोय. तुम्ही चौघं पन्हाळ्याच्या तटाखाली, ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत दबून बसला आहात. शंभर पावलांवर सिद्दीची चौकी आहे आणि तिच्यात उजेड दिसतोय.
>
> महाराज अजून गडावर आहेत. वाट मोकळी असेल तर वाटाडीने टिटवीचा आवाज काढायचा आणि मग पालख्या उतरायच्या, असं ठरलंय. पहाटेआधी मसाई पठार ओलांडलं नाही, तर उजाडताच सगळे उघडे पडतील.
>
> ही वाट तुम्ही निवडलीत, कारण छावणीतल्या पखालजीने सांगितलं की ही चौकी आज रिकामी असेल. त्याचा भाऊ गडावर कैदेत आहे. त्याला सोडवायचा शब्द तुम्ही दिलात. तो अजून पाळलेला नाही.
>
> गडावर शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसायला तयार आहेत. त्यांची धोकटी वैदूकडे आहे, ती नेबापूरला पोचवायची आहे. बाजीप्रभू सगळ्यांत मागे राहणार आहेत. मावळ्याला ते नावाने ओळखतात. पठारावर धनगर म्हातारीच्या वाड्यात तुम्हाला आसरा मिळेल, तिच्या आजारी नातवाला वैदूनेच बरं केलंय.
>
> दारूकोठारात पाणी कुणी शिरू दिलं, ते कळलेलं नाही. त्या रात्री तिथे पहाऱ्यावर असलेले दोघे आज पालखीबरोबर येणार आहेत.
>
> चौकीतला उजेड हलतोय. तुम्ही काय करता?

सुमारे दीडशे शब्दांचा हा मजकूर मोबाइलवर एका बैठकीत वाचून होतो आणि मोठ्याने वाचायला दोन मिनिटं पुरतात. लांबच्या खंडानंतरही गोषवारा याहून फार वाढवायची गरज पडत नाही. आठ महिन्यांच्या खंडाला चौपट लांबीचा गोषवारा लागतो, हा समज चुकीचा आहे. जितकं जास्त विसरलेलं, तितकं कमी आणि ठळक सांगावं लागतं.

सोबती कसे आठवून द्यायचे

कथानकापेक्षा माणसं लवकर विसरली जातात, आणि त्यातही नावं आधी जातात. म्हणून सोबत्यांची नुसती यादी देणं निरुपयोगी असतं. वरच्या गोषवाऱ्यात पखालजी, शिवा काशीद, बाजीप्रभू आणि म्हातारी, असे चारच सोबती आहेत. आधीच्या सेशन्समध्ये भेटलेले हवालदार, कारकून, भालदार गाळले आहेत. ते पुन्हा समोर आले की तेव्हा एका वाक्यात ओळख देता येते. माणसाला एका वेळी चारेक नव्या गोष्टीच मनात धरता येतात, असं स्मरणशक्तीवरचं अलीकडचं संशोधनही सांगतं.

या चौघांपैकी प्रत्येकाशी एक व्यवहार जोडलेला आहे. पखालजीचं देणं बाकी आहे. शिवा काशीदांची वस्तू जवळ आहे. बाजीप्रभूंशी एका पात्राची ओळख आहे. म्हातारी उपकार मानते. ‘पखालजी हा मध्यम उंचीचा, पन्नाशीचा, एका डोळ्याने अधू माणूस आहे’ असं वर्णन खेळाडूला वाचताना चांगलं वाटतं, पण त्यातून करण्यासारखं काही मिळत नाही. ‘त्याच्या भावाला सोडवायचा शब्द दिलाय’ हे वाचलं की खेळाडूच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो: मग त्याने खरं सांगितलं असेल का? सोबती आठवतो तो त्याच्याशी असलेल्या देण्याघेण्यामुळे.

शक्य असेल तिथे सोबत्याला एखाद्या पात्राच्या नावावर बांधावं. धोकटी वैदूकडे आहे, बाजीप्रभू मावळ्याला ओळखतात, नातवाला वैदूने बरं केलं. मायकल शे यांचं डीएमच्या तयारीवरचं २०१८ सालचं पुस्तक डीएम मंडळींत बरंच वाचलं जातं. त्यात तयारीची पहिली पायरी म्हणून पात्रांची उजळणी करायला सांगितलं आहे. खलनायक, नकाशे, राक्षस सगळे त्यानंतर. गोषवाऱ्यालाही हा क्रम चांगला मानवतो. नमुन्यातल्या गोलंदाजाचा मजकुरात एकदाही उल्लेख नाही, हे बारकाईने वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. डीएमच्याही लक्षात ते यायला हवं, कारण ज्या खेळाडूचं पात्र गोषवाऱ्यात नाही, तो पहिला अर्धा तास गप्प बसतो. ‘कोठारात शिरलेलं पाणी आधी गोलंदाजाने पाहिलं’ एवढी दुरुस्ती पुरते. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पात्राच्या नावाखाली रेघ ओढून पाहिली की ही चूक पकडता येते.

डीएमला ठाऊक असलेलं आणि नसलेलं

गोषवारा लिहिणाऱ्याला पुढचं सगळं माहीत असतं, आणि तेच त्याच्या लेखणीतून गळतं. आपल्या नमुन्यात डीएमने आपल्या वहीत लिहून ठेवलंय की पखालजी प्रामाणिक आहे, पण संध्याकाळी पहारे बदलले आणि त्याला ते कळलं नाही. आता दोन वाक्यं पाहा. ‘चौकी आज रिकामी आहे’ हे सरळ खोटं ठरतं. खेळाडू म्हणतील, तूच तर लिहिलं होतंस. ‘तुम्ही पखालजीवर विश्वास ठेवलात’ हे खरं आहे, पण त्या सुरातून दगाबाजीचा वास येतो आणि निरपराध माणूस खेळाडूंच्या नजरेत गुन्हेगार ठरतो. ‘पखालजीने सांगितलं की चौकी रिकामी असेल’ एवढंच बरोबर आहे. पात्रांनी स्वतः पाहिलेलं असेल ते थेट लिहायचं. दुसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर सांगणाऱ्याचं नाव त्या वाक्यातच ठेवायचं. विश्वासू, संशयास्पद, भाबडा अशी विशेषणं गाळायची, कारण ती डीएमची मतं असतात.

खेळाडूंनी पूर्वी काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल, तर तो तसाच राहू द्यावा. दारूकोठाराच्या पहाऱ्यावरचे दोघेच फितूर आहेत, असं मागच्या वेळी गटाने ठरवलं असेल आणि ते खरं नसेल, तरी गोषवाऱ्यातून त्यांना सुधारायचं नाही. ‘तुमचा त्या दोघांवर संशय आहे’ असं लिहायचं. पात्रांची चूक हा गोष्टीचा भाग असतो. पण खेळाडूच्या विसरण्यामुळे होणारी चूक हा गोष्टीचा भाग नसतो, आणि ती दिसताच दुरुस्त करायची.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सेशन सुरू असताना खेळाडूने विचारलं, ‘त्या म्हातारीचा वाडा पठाराच्या अलीकडच्या टोकाला होता की पलीकडच्या?’ तर काही डीएम फासे टाकायला लावतात, पात्राला आठवतंय का ते पाहू म्हणून. हे सपशेल चूक आहे. पात्र त्या वाड्यात तीन दिवसांपूर्वी जेवलं आहे. त्याला ते आठवणारच. फासे असतात ते ज्याचा निकाल खरोखर अनिश्चित आहे अशा गोष्टीसाठी. पात्राने स्वतः अनुभवलेलं सांगताना डीएमने उत्तर तत्काळ आणि पूर्ण द्यावं.

पाठवायचा केव्हा, वाचायचा कसा

लेखी गोषवारा सेशनच्या दोन-तीन दिवस आधी पोचलेला बरा. महिनाभर आधी पाठवला तर तोही विसरला जातो. एका तासापूर्वी पाठवला तर कुणी वाचत नाही. त्याच्यासोबत प्रत्येक खेळाडूला वेगळी एक-दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी, ज्यात फक्त त्याच्या पात्राला ठाऊक असलेलं असतं. मावळ्याला: ‘निघताना बाजीप्रभूंनी तुझ्या हातात काही न बोलता स्वतःची कट्यार दिली. इतरांनी ते पाहिलं नाही.’ सामायिक मजकुरात हे आलं तर गुपित फुटतं आणि कुठेच आलं नाही तर ते कायमचं हरवतं.

प्रत्यक्ष बसल्यावर पुन्हा तोच कागद वाचून दाखवण्याआधी खेळाडूंना बोलू द्यावं. एखादी गोष्ट नुसती पुन्हा वाचण्यापेक्षा ती स्वतः आठवून सांगितली की जास्त काळ टिकते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. नेहमीच्या आठवड्याच्या खेळात तर ‘मागच्या वेळी काय झालं, सांगा’ एवढ्यानेच काम भागतं. आठ महिन्यांनंतर मात्र हा प्रश्न कोरा विचारला, तर तोंडी परीक्षेसारखी शांतता पसरते. शिवाय पहिला जो बोलतो त्याची चुकीची आठवण सगळ्यांची होते. म्हणून लांबच्या खंडानंतर क्रम असा ठेवावा: लेखी गोषवारा आधी, मग टेबलावर प्रत्येकाने फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलायचं, ‘माझ्या पात्राला आत्ता कशाची काळजी आहे?’ त्यात स्मरणही होतं आणि प्रत्येकाला आपल्या पात्राचा आवाज पुन्हा सापडतो. त्यानंतर डीएमने गोषवाऱ्याचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद तेवढा मोठ्याने वाचावा आणि थेट चौकीतल्या उजेडापासून खेळ सुरू करावा.

गोषवारा मोठ्याने सांगण्याची चांगली उदाहरणं आज सहज पाहता येतात. ‘क्रिटिकल रोल’ हा अमेरिकी कार्यक्रम २०१५ मध्ये थेट प्रक्षेपित होऊ लागला, तेव्हा त्या गटाची घरगुती मोहीम आधीपासून चालू होती आणि प्रेक्षक मध्येच येऊन बसणार होते. डीएम मॅथ्यू मर्सर तेव्हापासून कितीतरी वर्षं भागाच्या सुरुवातीला मागची गोष्ट सांगत असे. मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. पोथीतले कितीतरी अध्याय मागच्या अध्यायात काय झालं ते सांगूनच सुरू होतात, आणि ‘गुरुचरित्रा’त तर नामधारक पुढची कथा विचारतो तेव्हाच सिद्ध ती सांगू लागतात.

फसला हे कसं ओळखायचं

गोषवारा लागू पडला की नाही, हे पहिल्या वीस मिनिटांत कळतं. खेळाडू आपापसांत बोलत असतील, वाद घालत असतील, एकमेकांच्या पात्रांना नावाने हाक मारत असतील, तर काम झालं. सगळे डीएमकडे बघून ‘आम्ही काय करू शकतो?’ असं विचारत असतील, तर ध्येय पोचलेलं नाही. अशा वेळी गोषवारा परत वाचण्याऐवजी ते एका वाक्यात सांगावं: टिटवीचा आवाज गेल्याशिवाय पालख्या निघणार नाहीत. एखाद्या सोबत्याचं नाव आल्यावर चेहरे कोरे राहिले, तर त्याच्याशी असलेला व्यवहार सांगावा. सुटलेलं कोडं पुन्हा सोडवायला सुरुवात झाली, तर ‘हे तुम्हाला कळलेलं आहे’ असं तिथेच म्हणावं.

डीएमच्याच नोंदी हरवल्या असतील तर? मग खेळाडूंच्या कॅरेक्टर शीट, त्यांच्या समासातल्या टिपा, मोबाइलमधले नकाशाचे फोटो यांवरून गोष्ट परत उभी करावी लागते. प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं, म्हणजे एकाची आठवण दुसऱ्यावर चढत नाही. दोन आठवणी जुळल्या नाहीत आणि कोणतीही मानली तरी पुढच्या कथेचं नुकसान होत नसेल, तर खेळाडूंची बहुमताची आठवण खरी धरावी. नुकसान होत असेल, तर डीएमने एक बाजू निवडून ती सगळ्यांसमोर जाहीर करावी आणि लिहून ठेवावी.

आणि काही वेळा गोषवारा पुरेसा नसतो. खंड वर्षा-दोन वर्षांचा असेल, निम्मे खेळाडू नवे असतील किंवा पात्र चालवणारा गाव सोडून गेला असेल, तर ओढ्याकाठच्या त्या क्षणापासूनच सुरू करण्याचा हट्ट सोडावा. गोष्टीतही काळ पुढे न्यावा. पन्हाळ्याच्या गटासाठी तशी जागा इतिहासानेच दिली आहे: १६६१ च्या सुरुवातीला महाराजांनी राजापूरवर चाल केली आणि वेढ्यात तोफा आणणाऱ्या वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं. पखालजीचा भाऊ, वैदूकडची धोकटी, दारूकोठाराचा संशय, हे तीन धागे तिथे नेता येतात. तेवढी ओझी घेऊन नवे खेळाडूही चालू शकतात.

या सगळ्या कामाचा मोठा भाग खंड पडण्यापूर्वीच होऊ शकतो. सेशन संपलं की फासे पिशवीत भरण्याआधी डीएमने पाच ओळी लिहाव्यात: गोष्टीतली तारीख आणि वेळ, पात्रं नेमकी कुठे आहेत, कुणाला काय शब्द दिला, कुणाच्या हातात कोणती वस्तू आहे, आणि शेवटचं बोललं गेलेलं वाक्य. खंड किती लांबणार, हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून या पाच ओळी प्रत्येक सेशननंतर लिहा आणि वहीत एका जागी ठेवा.